हिरवा ठिपका काय सांगतो?

मोबाइलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कधीकधी छोटा हिरवा ठिपका दिसतो. अँड्रॉइड 12 पासून, म्हणजे 2021 पासून, ही सोय आली. एखादं अॅप त्या क्षणी कॅमेरा किंवा माइक वापरत असेल तर आधी कॅमेऱ्याचं किंवा माइकचं चित्र येतं आणि मग त्याचा ठिपका होतो. आयफोनमध्ये रंग वेगळे आहेत. नुसता माइक चालू असेल तर नारिंगी, कॅमेरा असेल तर हिरवा.

आमच्या शाळेतल्या एका आपांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "सर, काल रात्री फोन ओट्यावर होता आणि तो हिरवा ठिपका आला. घरात आम्ही बायका कशाही वावरतो. कुणी बघत तर नसेल?"

ठिपका दिसत असतानाच स्क्रीन वरून खाली ओढून त्यावर बोट ठेवलं, की अॅपचं नाव कळतं. आपांचा ठिपका केव्हाच गेला होता. म्हणून Settings मध्ये Privacy उघडलं (काही फोनमध्ये हे Security & privacy या नावाखाली असतं) आणि Privacy dashboard वर गेलो. तिथे मागच्या चोवीस तासांचा हिशेब वेळेसकट मिळतो.

Camera मध्ये रात्रीची एकही नोंद नव्हती. Microphone मध्ये 9:12 ला कीबोर्डचं नाव होतं. आपांना आठवलं, धाकट्याने तेव्हा बोलून मेसेज लिहिला होता. म्हणजे तो ठिपका माइकचा होता. अँड्रॉइडमध्ये दोन्हींचा ठिपका हिरवाच असल्याने हा गोंधळ होतो.

पण त्याच यादीत दुपारी 3:40 ला फोटो सजवायच्या एका अॅपने माइक घेतलेला दिसला. फोटोला फुलं लावायला आवाज कशाला हवा? व्हिडिओ करायचा असता तर गोष्ट वेगळी, पण आपा तो करत नाहीत. नोंदीवर बोट ठेवल्यावर परवानगीचं पान उघडलं आणि Don't allow निवडलं. फोटोचं काम पूर्वीसारखंच चालू राहिलं.

ठिपका फक्त इतकंच सांगतो की अॅप आत्ता ऐकतंय किंवा बघतंय. घेतलेल्या आवाजाचं, चित्राचं पुढे काय झालं, हे त्यातून कळत नाही. लॅपटॉपवर तर आणखी सावध राहावं. कॅमेऱ्याशेजारी बहुधा दिवा असतो, पण माइकसाठी सहसा नसतो. त्यामुळे दिवा बंद आहे म्हणून कुणी ऐकत नाही, असं समजू नये.

आपांनी त्याच बैठकीत बाकीच्या अॅप्सचीही यादी काढली. प्रत्येक नावापुढे त्यांचा एकच सवाल होता, "याला याची गरज काय?"