उसासा



लहान मूल रडून रडून झोपी गेले की झोपेतही त्याला मधूनच हुंदका येतो. आधी एक श्वास, त्याच्यावरच पटकन आणखी एक छोटा श्वास, आणि मग लांब उसासा. शरीराने स्वतःच शोधलेला हा उपाय आहे. मोठी माणसेही दर काही मिनिटांनी नकळत असा उसासा टाकतात. आमच्या सासूबाई मात्र "सुस्कारे कसले टाकतेस?" म्हणून रागवायच्या!

फुफ्फुसांत हवेच्या अगदी बारीक पिशव्या असतात. त्यांतल्या काही बसता बसता मिटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तशा. साध्या श्वासाने त्या उघडत नाहीत. भरलेल्या श्वासावर दुसरा छोटा श्वास घेतला की त्या फुगतात, आणि मग आतला कार्बन डायऑक्साइड लांब उच्छ्वासाबरोबर नीट बाहेर पडतो.

हे सगळे आठवले ते धाकट्या जाऊमुळे. दिरांची अँजिओग्राफी चालू होती आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. तिची छाती धडधडायला लागली. जो येईल तो सांगे, "खोल श्वास घ्या." ती बिचारी तोंड उघडून मोठमोठे श्वास घेऊ लागली. थोड्या वेळात बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोके हलके. नर्सला बोलावले. तिने तपासून घाबरल्यामुळे होते आहे असे सांगितले आणि ती आत गेली. माझ्या पर्समध्ये कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर होता, तो तिच्या बोटाला लावला. नाडी ११२, ऑक्सिजन ९८.

तो ९८ चा आकडा पाहा. जमेची बाजू आधीच भरलेली होती. मोठे श्वास घेऊन ऑक्सिजन वाढायला जागाच नव्हती. उलट भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला. तो निव्वळ कचरा नव्हे, रक्तात त्याची काही शिल्लक लागतेच. ती घटली की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर. मुंग्याही ती घटल्यामुळेच. माणसाला वाटते हवा कमी पडते आहे, म्हणून ते आणखी जोरात श्वास ओढते.

मी तिला म्हटले, "आता घेण्याचं सोड, सोडण्याकडे बघ. नाकाने श्वास घे, वर नाकानेच आणखी थोडासा घे, आणि गरम दूध फुंकतो तसा तोंडाने हळू सोड." पहिल्यांदा तिने एका झटक्यात फुस्सकन सोडला. त्याचा उपयोग नाही. सोडायला घेण्याच्या दुप्पट तरी वेळ लागला पाहिजे, पण पोट आवळून शेवटचा थेंब पिळायचा नाही. असे तीनदा केल्यावर नाडी ९८ झाली. मग दोनदा घेणे थांबवले. नुसता नाकाने हलका श्वास, मनात तीन मोजेपर्यंत, आणि सोडताना सहा. पाचेक मिनिटांत ८८, आणि मुंग्याही गेल्या.

हे का होते? श्वास घेताना हृदय किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी वेगस नावाची नस ब्रेकचे काम करते. श्वास घेताना तो ब्रेक सैल पडतो, सोडताना लागतो. म्हणून सोडणे लांबवले की ब्रेक जास्त वेळ लागलेला राहतो. नातवंडाची नाडी धरून बघा, हा फरक बोटाला कळतो. वयाबरोबर तो कमी होतो, त्यामुळे आपल्या मनगटावर जाणवला नाही तर घाबरू नका.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी हे तपासले. रोज ५ मिनिटे, महिनाभर. एका गटाने असे उसासे घेतले, इतरांनी श्वासाचे दुसरे प्रकार किंवा ध्यान. चिंता सगळ्यांचीच कमी झाली. उसाशांच्या गटाचे मन जास्त प्रसन्न झाले आणि एरवीचा श्वासही संथ झाला. यावरून ध्यान कमी ठरत नाही. कायोत्सर्गात नऊ णमोकारांना आपण २७ श्वासोच्छ्वास मोजतो, ती साधना वेगळी. तिची या उपायाशी गल्लत नको. मोजायची सवय मात्र इथे कामी येते.

दुहेरी उसासे दोन-तीनच पुरे. डोके हलके वाटले तर थांबून साधा श्वास घ्या. दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम असे काही असेल तर उसासे मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. जाऊच्या वेळी नर्सला आधी बोलावले ते त्यासाठीच.