अग्री आणि त्याचे सोबती

व्यवहाराच्या इंग्रजी ईमेलमध्ये ‘अग्री’वाचून पान हलत नाही. गृहस्थ सौम्य आहे, मोजकं बोलतो, कुणाला दुखवत नाही. पण एकटा आला तर त्यानं नेमकं काय कबूल केलं हे सांगता येत नाही. ते कळतं त्याच्या मागोमाग येणाऱ्या चिमुकल्या शब्दावरून. ‘विथ’ आला तर त्याला समोरच्याचं म्हणणं पटलेलं असतं. ‘टू’ आला तर त्यानं समोरच्याची मागणी मान्य केलेली असते. आणि ‘ऑन’ आला तर दोघांचं काही ठरलेलं असतं. पटणं, मान्य असणं आणि ठरणं यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही; इंग्रजी लिहिताना मात्र तिन्ही कामं एकाच शब्दाच्या गळ्यात पडतात.

समजा, भोसरीतला एक छोटा कारखाना बर्मिंगहॅमच्या ग्राहकाला गिअर पाठवतो. पैसे 30 दिवसांत यायचे. ग्राहक लिहितो की आमच्याकडे वसुली उशिरा होते, म्हणून मुदत 60 दिवस करावी. कारखान्याच्या मालकाला ही अडचण खरी वाटते, पण एवढे दिवस पैसा अडकवून ठेवणं त्याला झेपणारं नाही. तो सभ्यपणे लिहितो, “वुई अग्री विथ युअर प्रपोजल,” आणि भावाचं नंतर बोलू म्हणतो. ग्राहकाच्या हिशेबी मुदत वाढली. 31व्या दिवशी मालक पैशांची आठवण करतो, तेव्हा हाच मेल त्याच्यापुढे ठेवला जातो. ‘विथ’ मतापाशी किंवा माणसापाशी शोभतो. प्रस्तावापाशी उभा केला की तो होकारासारखा दिसतो, आणि तरी पुरता होकार नसतो. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ काढायला जागा राहते.

मालकाला लिहायचं होतं ते असं: “वुई अग्री विथ यू दॅट कलेक्शन्स आर स्लो. वुई कॅनॉट अग्री टू 60 डेज. वुई कॅन अग्री टू 45 डेज, इफ वुई अग्री ऑन द न्यू प्राइस बाय फ्रायडे.” अडचण पटली, मागणी नाकारली, 45 दिवसांना अटीवर होकार दिला आणि भाव दोघांनी मिळून ठरवायचा राहिला. हे वाचून कुणी रागावणार नाही, आणि कुणाची फसगतही होणार नाही.

‘टू’बद्दल मला विशेष आदर आहे, कारण तो आला की शब्द दिला जातो. त्याच्यापुढे क्रियापदही येतं, आणि तिथे सावध राहावं. ‘अग्री टू पे’ म्हणजे पैसे देण्याचं कबूल केलं. ‘अग्री टू डिस्कस’ म्हणजे फक्त चर्चेला बसायचं कबूल केलं. ईमेलवरचा होकार कच्चा असतो असं मानणाऱ्यांनी ट्रायमेक्स आणि वेदांता ॲल्युमिनियम यांचा बॉक्साइटचा वाद आठवावा. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ईमेलवरून प्रस्ताव आणि स्वीकृती झाली होती, तेव्हा सहीचा औपचारिक करारनामा नसला तरी करार झालाच होता.

‘ऑन’ला दुसरा पक्ष लागतो. एकट्या माणसानं “आय अग्री ऑन द प्राइस” लिहिलं की वाक्य लंगडं वाटतं. “वुई हॅव अग्रीड ऑन द प्राइस” लिहिलं की भाव ठरल्याची नोंद होते. ब्रिटिश व्यापारी तर पुष्कळदा ‘ऑन’ गाळून नुसतं ‘अग्रीड टर्म्स’ लिहितात. ती चूक नव्हे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 13वं कलम संमतीची व्याख्या करतं ती याच अंगानं: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मानली पाहिजे. त्या व्याख्येत ‘अग्री’च्या मागोमाग ‘अपॉन’ आहे, म्हणजे ‘ऑन’चाच थोरला भाऊ.

आपल्याकडे ‘अग्री’ला आणखी एक सोबती चिकटला आहे, ‘फॉर’. “वुई अग्री फॉर द सेम” हे आपल्या कचेऱ्यांतून रोज जातं. त्यात पटलं की मान्य झालं, हे उलगडत नाही. आणि ‘द सेम’ म्हणजे मुदत की भाव, तेही नाही. “आय ॲम अग्री” हे तर ‘मी सहमत आहे’मधला ‘आहे’ सोबत घेऊन आलेलं वाक्य. त्यानं अर्थ बिघडत नाही, म्हणून त्याचा मला फारसा राग नाही. ‘फॉर’चा आहे.

फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी मेल करावा. ठरलं ते ‘अग्रीड ऑन’खाली आकड्यांसकट लिहावं आणि राहिलं ते ‘नॉट येट अग्रीड’खाली. ‘इन प्रिन्सिपल’ एवढं म्हणून कुणी होकार दिला असेल, तर ती बाब दुसऱ्या यादीत घालावी.