गयेच्या गाडीतला डबा

भातसानगरहून बुद्धगयेला निघायचे म्हणजे आसनगावला लोकल, कल्याणला गयेची गाडी आणि पुढे दिवसाहून अधिक प्रवास. सोबत मुले, म्हणून डबा विचारानेच भरावा.

आपली तांदळाची भाकरी पहिल्या रात्रीपुरतीच. उकडीत पाणी फार, त्यामुळे ती सकाळी चिवट होते, मग आंबूस वास मारते. बटाट्याची भाजीही त्याच रात्री संपवा. उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत बोटाला चिकट लागते, तार सुटते. मुलाने हट्ट केला तरी देऊ नका.

दुसऱ्या दिवसाला पुऱ्या. कणकेत तिखट, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट मळा. धाकट्यांसाठी थोडे गुळाच्या पाण्यात भिजवा. तळल्यावर स्वच्छ फडक्यावर पसरून अगदी गार होऊ द्या. निघायच्या घाईत गरमच भरल्या, तर झाकणाला घाम सुटतो आणि त्या ओलीनेच बुरशी धरते. सोबत शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी, तीत ओले खोबरे नको. चमचाही कोरडाच. परतीसाठी कुरमुऱ्याचा चिवडा वेगळा बांधा, नाहीतर मुले तो इगतपुरीच्या आतच संपवतात!