कोणता निरोप वाजावा, हे कोणी ठरवायचं?

शाळेच्या ॲपवरून पालकांना जाणाऱ्या सूचनांचं नव्यानं नियोजन करायचं ठरलं, तेव्हा उर्दू आणि मराठी दोन्ही विभागांचे निरोप मीच लिहीत असल्यानं ते काम माझ्याकडे आलं. ॲप बनवणारा तरुण गावातलाच होता. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, "सर, दिवसाला जास्तीत जास्त किती सूचना पाठवायच्या, तेवढा आकडा सांगा. मर्यादा घालून टाकतो." आकडा सांगणं सोपं होतं. पण त्याआधी तो आकडा कशाचा आणि कोणासाठी, हे ठरवावं लागतं, आणि तिथंच खरं काम आहे.

आमच्याकडे सगळ्या सूचना एकाच खणातून जात होत्या. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲपला आपल्या सूचना वेगवेगळ्या 'चॅनल'मध्ये विभागता येतात आणि फोनच्या सेटिंगमध्ये वापरणारा त्यातलं एखादंच चॅनल बंद करू शकतो. पण ॲपनं एकच चॅनल ठेवलं असेल, तर स्नेहसंमेलनाच्या फोटोंना कंटाळलेल्या आईपुढे एकच वाट उरते: सगळं बंद. मग मूल गैरहजर असल्याची सूचनाही बंद होते. शाळेला वाटतं निरोप पोचला, घरी मात्र फोन गप्प असतो. एकदा तिनं बंद केलेलं चॅनल ॲपला परस्पर चालूही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हणून आधी निरोपांचे प्रकार पाडले. आमच्या कार्यालयाच्या भाषेत ते 'शैक्षणिक', 'प्रशासकीय' आणि 'सहशालेय' असे होते. पण पालक असा विचार करत नाहीत. त्यांच्या पडद्यावर सहा ओळी ठेवल्या: हजेरी आणि तातडीचं, फी, गृहपाठ, परीक्षा, कार्यक्रम, फोटो आणि इतर. प्रत्येक ओळीपुढे 'चालू-बंद' एवढंच न ठेवता तीन पर्याय दिले: लगेच, संध्याकाळी एकत्र, बंद. मधला पर्याय फार कामाचा आहे. गृहपाठ कोणालाच बंद करायचा नसतो, पण सहा विषयांसाठी सहा वेळा फोन वाजलेलाही नको असतो. त्याच पडद्यावर भाषा निवडता येते, उर्दू की मराठी. आणि शांत वेळही. ती सुरुवातीला रात्री ९ ते सकाळी ७ अशी आहे. पुढेमागे करण्याची सोय हवीच, कारण रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे घराची झोप दिवसा सरकते.

आता मर्यादेकडे येऊ. ती साध्या सूचनांसाठी दिवसाला तीन ठरवली. पण तीन प्रत्येक मुलामागे की प्रत्येक फोनमागे? आमच्याकडे अनेक घरांत दोन-तीन भावंडं आणि फोन एकच. मुलामागे मोजलं तर तीन भावंडांच्या अम्मीला नऊ सूचना जातील आणि हिशेबात मर्यादा पाळल्यासारखी दिसेल. वैतागतो तो फोन धरणारा माणूस, म्हणून मोजणी फोनवरच हवी. हजेरी आणि तातडीचं मात्र या मोजणीबाहेर ठेवलं.

एका बुधवारचं उदाहरण घेऊ. एका आईची दोन मुलं, एक तिसरीत आणि एक सातवीत. तिनं फोटो बंद ठेवलेत, गृहपाठ 'संध्याकाळी एकत्र' केलाय आणि बाकी सगळं 'लगेच' आहे. त्या दिवशी शाळेतून तिच्यासाठी निघालं ते असं: धाकटा गैरहजर असल्याची एक सूचना, फीच्या आठवणी दोन, फोटो दोन, क्रीडादिनाची सूचना प्रत्येक मुलासाठी एक म्हणजे दोन, गृहपाठ सहा, हरवलेल्या पाण्याच्या बाटलीचा निरोप एक आणि बस उशिरा येणार असल्याचा एक. एकूण पंधरा.

प्रणालीनं पहिल्यांदा तिची निवड पाहिली आणि फोटो तिथंच थांबवले. मग एकसारखे निरोप जोडले: फीची एक सूचना झाली, क्रीडादिनाची एक, गृहपाठाची संध्याकाळी साडेसहाला एक. या संध्याकाळच्या सूचनेसाठी तीनपैकी एक जागा सकाळपासूनच राखून ठेवलेली असते. मर्यादा पाहिली ती शेवटी. फी आणि क्रीडादिन लगेच गेले, एक जागा गृहपाठाची, त्यामुळे बाटलीचा निरोप न वाजता ॲपच्या यादीत जाऊन बसला. गैरहजेरी आणि बस मर्यादेबाहेर. फोन वाजला पाच वेळा.

हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. मर्यादा आधी मोजली तर तिनं बंद केलेले दोन फोटोच दोन जागा खातात आणि संध्याकाळी गृहपाठ अडतो. जागा राखून ठेवली नाही तर 'जो आधी येईल तो आत' असा न्याय होतो आणि सकाळी उत्साहानं पाठवलेला फालतू निरोप दुपारच्या महत्त्वाच्या निरोपाला बाहेर काढतो.

दिवस कुठून कुठपर्यंत मोजायचा, हाही प्रश्न आला. मध्यरात्री मोजणी शून्यावर आणली तर पावणेबाराला तीन आणि सव्वाबाराला तीन, अशा अर्ध्या तासात सहा सूचना जाऊ शकतात. त्यासाठी 'मागचे चोवीस तास' मोजण्याची पद्धत आहे. पण कालचा गृहपाठ चार मिनिटं उशिरा गेला असेल, तर आज साडेसहाला तो अजून चोवीस तासांच्या आतच मोजला जातो आणि आजचा अडू शकतो. आमच्याकडे मध्यरात्र बहुतेकांच्या शांत वेळेतच येते, म्हणून साधा दिनांक पुरला. शांत वेळ सरकवणारे थोडे होते. त्यांच्यासाठी दिवस त्यांची शांत वेळ संपल्यावर सुरू होतो.

अडवलेल्या निरोपाचं वयही पाहावं लागतं. 'उद्या आलेखाचा कागद आणा' हा निरोप दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोचला तर मुलाला फक्त ओरडा बसतो. म्हणून प्रत्येक निरोपाला 'कधीपर्यंत उपयोगी' अशी वेळ लिहिली जाते आणि ती उलटली की तो फोनवर पाठवला जात नाही.

तातडीची वाट मोकळी आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच आपला निरोप तातडीचा वाटू लागला. एका सहकाऱ्यानं निबंध स्पर्धेची मुदतही तातडीत टाकली. तेव्हा एक कसोटी ठरवली: पुढच्या दोन तासांत पालकांना काही करावं लागणार आहे का? नसेल तर तातडीचं नाही. हजेरीची सूचना आपोआप जाते; इतर कशालाही तातडीचा शिक्का मारण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापक आणि कार्यालयाकडे आहे, आणि दर शनिवारी त्या आठवड्यातले असे शिक्के मोजले जातात.

हे नीट चाललंय की नाही, ते नोंदींवरून कळतं. न वाजलेल्या प्रत्येक सूचनेपुढे कारण लिहिलेलं असतं:

```
pref_off
merged
cap_reached
expired
```

`cap_reached` पुढे फी किंवा परीक्षा वारंवार दिसली तर राखीव जागा चुकल्यात. `pref_off` मध्ये एकच प्रकार फुगत असेल तर त्या प्रकाराचं लिखाण किंवा प्रमाण बिघडलंय. आणि पालक कार्यालयात येऊन "आम्हाला कळलंच नाही" म्हणाले, तर त्याच नोंदीतून कारण दाखवता येतं.

एक मर्यादा मात्र कोणत्याही रचनेनं सुटत नाही. बहुतेक पालक सेटिंगचा पडदा उघडतच नाहीत. त्यामुळे आपण सुरुवातीला जे ठरवून देतो, तीच त्यांची निवड होऊन बसते. म्हणून फोटो सुरुवातीपासून बंद आणि गृहपाठ एकत्र ठेवला, आणि साध्या सूचनेखालीच 'असे निरोप कमी करा' ही ओळ दिली. पडद्यापर्यंत न जाणारी माणसं निदान त्या ओळीवर बोट ठेवतात. त्यानंतर ॲपनं 'नक्की का?' असं तीनदा विचारायचं नाही, हेही त्या तरुणाला लिहूनच दिलं.