लाल पडद्यामागचं लग्न

पद्मनाभपुरातल्या आमच्या वरच्या खोलीत मी लग्नाचे व्हिडिओ जोडायचं काम करतो. भिलाई-दुर्गमधली मराठी घरं हीच बहुतेक गिऱ्हाइकं. त्या दिवशी प्रीमियर प्रोमध्ये मंगलाष्टकांचा भाग लावून सेव्हचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. यूपीएसने एक शिट्टी मारली आणि मान टाकली. लाइट आल्यावर प्रोजेक्ट उघडायला गेलो, तर फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही, असा संदेश आला. लिहिणं अर्ध्यावर तुटलं होतं.

अशा वेळी ती फाइल पुन्हा पुन्हा उघडत बसण्यात अर्थ नसतो. प्रोजेक्टच्या शेजारीच `Adobe Premiere Pro Auto-Save` नावाचं फोल्डर असतं. त्यात ठरावीक मिनिटांनी केलेल्या प्रती असतात आणि प्रत्येकीच्या नावात तारीख-वेळ असते. मी माझ्याकडे ५ मिनिटांचं अंतर ठेवलं आहे. सगळ्यात नवी प्रत निवडली, पण तिथेच उघडली नाही. आधी ती कॉपी करून मूळ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नव्या नावाने ठेवली. प्रतींची ठरलेली संख्या भरली की प्रीमियर जुन्या प्रती काढून टाकतं, म्हणून त्या फोल्डरमध्ये काम करत राहणं धोक्याचं. प्रत उघडली. शेवटची दोन-तीन कटिंगं गेली होती, बाकी टाइमलाइन जशीच्या तशी.

फक्त सगळं लाल. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्रीकरण नसतंच. कुठली क्लिप कुठे ठेवली आहे याचा पत्ता तेवढा असतो. लाइट नव्हती तेव्हा माझ्या भाच्याने काळजीपोटी बाहेरची डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावून पाहिली होती. परत माझ्या मशीनला जोडली तेव्हा एक पेनड्राइव्ह `E:` होऊन बसला होता आणि डिस्कला `F:` मिळालं होतं. प्रोजेक्ट मात्र `E:` वरच शोधत होता. इथे एकेक क्लिप जोडायची गरज नाही. प्रीमियर बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, `diskmgmt.msc` उघडून डिस्कला पुन्हा `E:` हे अक्षर दिलं. प्रोजेक्ट उघडला तर जवळजवळ सगळ्या क्लिपा आपसूक परत आल्या.

उरलेल्या आल्या नाहीत, कारण भाच्याने मदत म्हणून फायली ‘हळद’, ‘लग्न’ अशा फोल्डरांत लावून ठेवल्या होत्या. (मामाचं काम हलकं करायला आलेली पोरं, त्यांना रागावणार तरी काय!) `Link Media` च्या खिडकीत एक क्लिप निवडली, `Locate` केलं, नवं फोल्डर दाखवलं. `Relink others automatically` वर खूण असली की त्याच फोल्डरातल्या बाकीच्या क्लिपा पाठोपाठ जुळतात. लाल रंग गेला. मी सुटकेचा श्वास सोडून मंगलाष्टकं चालवली. आवाजात शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट दूर होणार, आणि पडद्यावर नवरीची मावशी पंगतीत बासुंदी वाढताना दिसली.

कारण साधं होतं. आमचे दोन्ही कॅमेरे कार्डावर `C0001.MP4` पासूनच नंबर टाकतात. म्हणजे `C0012.MP4` दोन होत्या. भाच्याने दोन्ही एका फोल्डरात टाकल्यावर विंडोजने दुसरीचं नाव `C0012 (2).MP4` केलं. प्रीमियरने नाव पाहिलं, पहिली सापडली, जोडून टाकली. अशी चूक लाल होऊन दिसत नाही. जोडलेली क्लिप मूळपेक्षा आखूड असेल तर टाइमलाइनवर तिरप्या रेघा तरी उमटतात. लांब असेल तर काहीच नाही.

मी प्रोजेक्ट सेव्ह न करता बंद केला आणि पुन्हा उघडला. या वेळी `Link Media` मध्ये नावासोबत `Media Start` वरही खूण केली. क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड जुळला तरच ती जोडायची, असा त्याचा अर्थ. आमच्या दोन कॅमेऱ्यांचे टाइमकोड वेगळे धावतात, म्हणून पंगतीची क्लिप आता लागेना. ज्या फायलींच्या नावात `(2)` आलं होतं, त्या नेमक्या कोणत्या हे टाइमकोड आणि लांबी पाहून ठरवलं आणि एकेक हाताने जोडल्या. दोन्ही कॅमेरे प्रत्येक क्लिपचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू करत असते, तर हाही उपाय चालला नसता. मग प्रत्येक शॉट डोळ्यांनी पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गाण्याच्या मागे लावलेले शॉट मी तरीही सगळे तपासले, कारण तिथे आवाजावरून चुकीची क्लिप ओळखू येत नाही.

दोन कॅमेऱ्यांवर काम करत असाल तर कार्ड उतरवल्याबरोबर, प्रोजेक्टमध्ये काहीही घेण्याआधी, फायलींच्या नावापुढे `A_` आणि `B_` लावा. आणि कामाच्या डिस्कला `M:` सारखं पुढचं अक्षर देऊन ठेवा. पेनड्राइव्ह सहसा तिथवर पोचत नाहीत.