चाळीस हजारांचा हिशेब

लातूरच्या नातवाने दहावीनंतर खेळाचे यंत्र मागितले आणि मी कर्जप्रस्ताव तपासावा तसा कागद पुढे ओढला. मर्यादा 40,000 रुपयांची. त्याचे मन स्टीम डेक या हातातल्या यंत्रावर बसले होते. परंतु ते भारतात अधिकृतपणे विकले जात नाही, मग बिघडल्यास दाद कोणाकडे मागायची? एक्सबॉक्स सिरीज एस अंदाजपत्रकात बसत होता. मात्र त्यात डिस्कची खाच नाही. प्रत्येक खेळ ऑनलाइनच घ्यायचा आणि खेळून झाला तरी विकता येत नाही. हा पुढचा खर्च मला अधिक खुपला.

अखेर नांदेडहून संगणक जुळवून घेतला. वेगळे ग्राफिक्स कार्ड परवडेना, म्हणून ग्राफिक्स अंगभूत असलेला रायझन 5 5600जी प्रोसेसर निवडला. तो मुख्य मेमरीच वापरतो. त्यामुळे 16 जीबीची एक पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घेतल्या. एकाच पट्टीवर खेळ अडखळतात. दुकानदार एकच देऊ पाहत होता! नवे मोठे खेळ यावर मंदच चालतील, हे नातवाला आधीच सांगितले. पुढे कार्ड बसवता यावे म्हणून पॉवर सप्लाय 550 वॅटचा ठेवला. पडदा घरचाच टीव्ही. महिनाअखेरीस त्यावर त्याचे वडील जीएसटीची विवरणपत्रे भरतात, तेव्हा घरात थोडी कुरबूर होते.