जाहिरात निघण्याआधीचा ईमेल

बडोद्याला मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेस्टिंग विभाग सांभाळतो. नोकरी मागणारे अनोळखी ईमेल मला दर आठवड्याला येतात. बहुतेकांत एकच वाक्य असतं: "रेझ्युमे सोबत जोडला आहे, माझ्यायोग्य कोणतीही जागा असल्यास कळवावे." असा ईमेल मी एचआरकडे पुढे पाठवतो. यात उद्धटपणा नाही. 'कोणतीही जागा' म्हणजे हा मुलगा काय करू शकतो आणि आमच्याकडे कुठे बसेल, हे शोधायचं काम त्याने माझ्यावर टाकलेलं असतं, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नसतो.

पण या दाराच्या अलीकडे जे घडतं, ते नव्याने नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना सहसा कोणी सांगत नाही. जागा जाहिरातीच्या दिवशी जन्माला येत नाही. आधी काम वाढतं किंवा कोणी राजीनामा देतो. मग माझ्या लक्षात येतं की एक माणूस कमी पडतोय. मी कारणं लिहून वर पाठवतो, कारखान्याचे प्रमुख सही करतात, वित्त विभाग सही करतो, आणि त्यानंतर एचआर जाहिरात काढतं. गरज वाटणं आणि जाहिरात निघणं यांत कधी काही आठवडे जातात, कधी काही महिने. त्या काळात ती जागा फक्त माझ्या डोक्यात असते. तेव्हा एचआरला विचारलं तर ते "जागा नाही" म्हणतील, आणि ते खरंच बोलत असतील. म्हणून या काळातला ईमेल विभागप्रमुखाला जायला हवा.

हे सगळं मला नीट मांडावं लागलं ते माझ्या भाचीमुळे. ती इंदूरची. पिथमपूरच्या एका छोट्या कारखान्यात चार वर्षं ट्रान्सफॉर्मरचं टेस्टिंग करत होती. जावईबापूंची बदली बडोद्याला झाली आणि ताईचा मला फोन आला, "तुझ्याच कंपनीत बघ ना रे तिचं." माझ्याच हाताखाली नातेवाईक घेणं आमच्या नियमात बसत नाही. दुसऱ्या कारखान्यांत माझ्या ओळखी आहेत, पण तिथे भाचीनेच नको म्हटलं. "मामा, तुमचं नाव सांगितलं तर ते तुम्हाला नाही म्हणता येत नाही म्हणून मला बोलावतील. मग मी त्यांना खरंच हवी आहे का, हे मला कधी कळणारच नाही." चार वर्षं तिने एकटीने काम उभं केलं होतं, आणि नव्या गावात 'अमक्याची भाची' म्हणून सुरुवात करायची नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, ओळख नाही लावत, पण ईमेल कसा लिहायचा ते आपण बसून बघू.

पहिला प्रश्न होता, कुठे लिहायचं. तिने महिनाभर जाहिराती चाळल्या. टेस्ट इंजिनिअरची एकही नव्हती. पण एका कारखान्याने दुसऱ्या पाळीसाठी वाइंडिंग आणि असेंब्लीची माणसं मागवली होती. तिने तिथे बोट ठेवलं आणि माझ्या मते बरोबर ठेवलं. ट्रान्सफॉर्मरमध्ये दहातला एक तपासून चालत नाही. रुटीन टेस्ट प्रत्येकाच्या होतात: वाइंडिंगचा रेझिस्टन्स, टर्न्स रेशो, लोड आणि नो-लोड लॉस, इन्सुलेशन. मोठे ग्राहक तर आपला निरीक्षक पाठवून त्याच्यासमोर टेस्ट करायला लावतात. वाइंडिंग दुप्पट झालं आणि टेस्टिंगची माणसं तेवढीच राहिली, तर तयार ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगच्या दारात रांग लावून उभे राहणार. म्हणजे तिथल्या प्रमुखाला माणूस कमी पडत असेल किंवा लवकरच पडेल. अर्थात हा अंदाजच. "आपल्याकडे जागा आहे असे समजले" असं लिहिणं खोटं ठरलं असतं.

प्रमुखाचं नाव तिला लिंक्डइनवर मिळालं. ईमेलचा पत्ता अंदाजाने पाच प्रकारे लिहून बघण्यापेक्षा तिने सरळ कारखान्याच्या बोर्डलाइनवर फोन करून विचारला. मिळाला.

मग मसुदा. पहिला मसुदा दीड पानाचा होता आणि दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होत होता. लांबी कापता येते. खरी अडचण शेवटी होती. तिथे तीन मागण्या होत्या: जागा असल्यास विचार करावा, नसल्यास मार्गदर्शन करावे, तेही शक्य नसल्यास रेझ्युमे योग्य व्यक्तीकडे पाठवावा. तीन मागण्या दिसल्या की वाचणारा सर्वात सोपी उचलतो, म्हणजे एचआरकडे पाठवून मोकळा होतो.

"मग नोकरीच मागू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अगं, नोकरी त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला तीन सह्या लागतात. जे तो कोणालाही न विचारता, आत्ता, बसल्या जागी देऊ शकतो, तेवढंच माग."

ते म्हणजे फोनवर पंधरा मिनिटं. सगळ्या ईमेलचा कणा हाच. ईमेल गेला इंग्रजीत, त्याचा मराठी तर्जुमा असा:

विषय: टेस्ट इंजिनिअर, ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगचा ४ वर्षांचा अनुभव, जूनपासून बडोद्यात

"नमस्कार सर, आपल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीसाठी वाइंडिंगची भरती चालू असल्याची जाहिरात पाहिली. त्यामुळे टेस्टिंगचं कामही वाढेल असा माझा अंदाज आहे.

मी पिथमपूरला चार वर्षं ३३ केव्हीपर्यंतच्या वितरण ट्रान्सफॉर्मरच्या रुटीन टेस्ट करत आहे. गेली दोन वर्षं ग्राहकांच्या निरीक्षकांसमोरच्या टेस्ट मी एकटी सांभाळते. इम्पल्स टेस्ट मी स्वतः केलेली नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेत होताना हजर होते.

जूनपासून मी बडोद्यात राहणार आहे. पुढच्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार, दुपारी चारनंतर, फोनवर १५ मिनिटं बोलता येईल का? रेझ्युमे सोबत जोडला आहे."

इम्पल्स टेस्टचं वाक्य तिने स्वतः घातलं. मी विचारलं, कमीपणा कशाला सांगतेस? ती म्हणाली, "पहिल्याच प्रश्नात कळेल ते. आत्ताच सांगितलेलं बरं." पगाराचा विषय काढला नाही. तो फोनवर ते विचारतील तेव्हा.

रेझ्युमे एका पानाचा, पीडीएफ. वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की तक्ते सरकतात, आणि असे ईमेल माणसं पहिल्यांदा मोबाइलवरच बघतात. माझ्या संगणकावर `resume_final.pdf` नावाच्या किती फाइली पडल्या आहेत, कोणती कोणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही. तिने फाइलच्या नावात स्वतःचं नाव, आडनाव आणि `Test_Engineer` एवढंच ठेवलं. फोटो, वडिलांचं नाव, छंद काढून टाकले. ईमेलमध्ये सांगितलेल्या गोष्टी रेझ्युमेच्या वरच्या अर्ध्या पानात आल्या पाहिजेत, एवढं मात्र मी बजावलं. वाचणारा रेझ्युमे उघडतो तो ईमेलमधलं खरं आहे का ते बघायला. ते खाली कुठेतरी दडलेलं असलं तर तो शोधत बसत नाही. पाठवण्याआधी तिने तो ईमेल स्वतःला आणि मला पाठवून मोबाइलवर उघडून बघितला.

वेळेचीही एक बाब आहे. तो दिवस महिन्याची अठ्ठावीस तारीख होता. कारखान्यात महिनाअखेर म्हणजे माल बाहेर काढायची धावपळ, आणि मार्चअखेर तर विचारूच नका. मी तिला पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबवलं. आणि एका कारखान्यात एकालाच लिही म्हटलं. तिघांना एकदम पाठवलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल.

तिने तीन कारखान्यांना लिहिलं, प्रत्येकाला पहिला परिच्छेद वेगळा. एकाचं उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी त्याच ईमेलला जोडून तिने दोन ओळींची आठवण पाठवली. तरीही नाही, तेव्हा विषय सोडला. आठवण एकदाच द्यायची, तिसऱ्यांदा लिहिलं की पिच्छा पुरवल्यासारखं होतं. दुसऱ्याने लिहिलं, सध्या जागा नाही. तिने एका ओळीत आभार मानले. दुसऱ्या पाळीवाल्या कारखान्याच्या प्रमुखाने पाचव्या दिवशी लिहिलं, गुरुवारी साडेचारला फोन करतो.

पंधरा मिनिटांचे पंचवीस झाले. त्यांनी विचारलं, नो-लोड लॉस हमी दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आला तर आधी काय बघशील? ती म्हणाली, आधी मोजणी बघेन: जोडण्या, मीटर, व्होल्टेजचा वेव्हफॉर्म. ते ठीक असेल तरच कोअरकडे जाईन. शेवटी ते म्हणाले की माणूस हवा आहे, पण मंजुरी यायला दोन महिने लागतील, आणि त्यांनी तिला बोलावलं ते इम्पल्स टेस्टचं वाक्य वाचून. रोज आकडे जसे येतात तसे लिहायचं काम आहे, तिथे असं लिहिणारं माणूस त्यांना हवं होतं.

ऑगस्टमध्ये जाहिरात निघाली. भाचीला इतरांसारखाच रीतसर अर्ज करावा लागला, लेखी परीक्षा झाली, दोन मुलाखती झाल्या. ईमेलमुळे त्यातलं काहीही चुकलं नाही. फरक एवढाच की जाहिरात निघेल तेव्हा ती तयार होती आणि समोरच्याला तिचं काम माहीत होतं. तिची निवड झाली, आधी एका वर्षाच्या करारावर. ती माझी भाची आहे हे त्या गृहस्थांना कळलं ते रुजू झाल्यावर कितीतरी दिवसांनी.

हा मार्ग सगळीकडे चालत नाही. सरकारी कंपन्यांत, वीज मंडळांत भरती जाहिरात आणि परीक्षेनेच होते. तिथे असा ईमेल पाठवून अधिकाऱ्याला अवघडून टाकू नये. जिथे विभागप्रमुखच आपला माणूस निवडतो, अशा खाजगी कारखान्यांत, छोट्या कंपन्यांत तो उपयोगी पडतो. आणि तिथेही तीनातले दोन ईमेल रिकामे जाऊ शकतात, हे आधीच धरून चालावं. ताईला मात्र अजून वाटतं की मीच गुपचूप फोन केला असणार.